नवा सेल चार महिन्यांत संपतो : अप्पांचं जुनं क्वार्ट्झ घड्याळ

सातरस्ता

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एक मनगटी घड्याळ आहे. 1993 साली घेतलेलं. क्वार्ट्झ, तीन काटे, तारखेची खिडकी. आधी एकेक सेल दोन-अडीच वर्षं आरामात चालायचा. गेल्या वर्षभरात मात्र तीन सेल झाले. पहिला ऑगस्टमध्ये टाकला, तो दिवाळीनंतर लगेच गेला. दुसरा जेमतेम जानेवारीपर्यंत टिकला. तिसरा आम्ही संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेहून येताना टाकला, म्हणून तारीख पक्की आठवते : 15 जानेवारी. तो 20 मे रोजी बंद.

गंमत म्हणजे चालू असतं तेव्हा घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर असतं. पुढेही जात नाही, मागेही पडत नाही. दुकानदाराने प्रत्येक वेळी नवा सेल मीटरला लावून दाखवला, 1.55 व्होल्ट. म्हणजे सेल चांगला, मशीन पण चांगली, मग करंट जातो कुठे? अप्पा म्हणतात, "म्हातारं झालंय ते, जास्त खातंय." हे खरं असू शकतं का?

कडक_भाकरी

ताई, यात काय अवघड हाय बे. डुप्लिकेट सेल टाकायलेत दुकानदार. साठ रुपयाचा सेल म्हणून वीस रुपयाचा बसवतेत. माझ्या घड्याळाचं पण असंच व्हायलं होतं. चांगला सेल टाकला, दोन वर्ष झाली, अजून चालायलंय. विषय संपला.

निवृत्त_कारकून

सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात 43-44 डिग्रीला माणूस टिकत नाही, तिथे एवढासा सेल काय टिकणार? दुकानात काचेच्या कपाटात, ऊन लागेल अशा जागी सेल वर्ष-वर्ष पडून असतात. बसवायच्या आधीच अर्धे संपलेले.

लंबक

आमच्या हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाचंही हेच होतं. पेन्सिल सेल टाकला की महिन्याभरात बंद. वर जाताना काटा पावणेनऊपाशी अडखळतो. काय करावं?

जुना_आयग्लास

लंबक, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पावणेनऊला अडकतो म्हणजे सेकंदकाटा जड आहे किंवा सेल ढिला पडलाय, तिथे काट्याला वर चढताना सगळ्यात जास्त जोर लागतो. त्यावर नंतर बोलू, इथे गोंधळ नको.

सातरस्ता ताई, मी एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता डोळ्यांमुळे दुकान पुतण्याकडे दिलंय. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य फार कामाचं आहे : "चालू असतं तेव्हा बरोबर असतं." त्यावरून तुम्ही मशीन चांगली असं धरलंत. तसं धरू नका, का ते पुढे सांगतो. आधी एक काम करा. जुने सेल परत मिळाले असतील तर त्यांच्या पाठीवर काय कोरलंय ते वाचून सांगा. अक्षर बारीक असतं, मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

सातरस्ता

तिन्ही सापडले. अप्पा काहीच टाकत नाहीत, पानाच्या डबीत ठेवले होते. पहिल्या दोघांवर एलआर 626 आणि एजी 4 असं आहे. तिसऱ्यावर एसआर 626 एसडब्ल्यू आणि 377. आकाराने तिन्ही सारखेच दिसतात.

कडक_भाकरी

बघा! म्हटलं होतं की नाही. पहिले दोन एलआर. ते खेळण्यातले सेल हायत.

जुना_आयग्लास

भाकरी, अर्धं बरोबर आहे तुमचं. एलआर म्हणजे अल्कलाइन. खेळण्यातलेच असं नाही, पण मनगटी घड्याळाचे नव्हेत. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. दोघांचं माप एक, 6.8 मिलिमीटर रुंद आणि 2.6 जाड, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चपखल बसतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. सिल्व्हरचा व्होल्टेज शेवटपर्यंत 1.55 च्या आसपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. अल्कलाइनचा पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. शिवाय आत माल कमी. सेलमध्ये थोडं शिल्लक असतं, पण घड्याळाला पुरेल इतका जोर उरत नाही.

म्हणून पहिले दोन सेल लवकर गेले याला एक कारण आहे. पण तिसरा? तो बरोबर जातीचा होता, तरी चार महिन्यांत गेला. तिथे भाकरींचं उत्तर थांबतं.

आणि दुकानदाराने 1.55 दाखवलं त्याचं म्हणाल तर, सिल्व्हर सेल निम्मा संपलेला असला तरी मीटर जवळपास तेवढंच दाखवतो. त्यावरून तो किती भरलेला आहे ते कळत नाही.

निवृत्त_कारकून

मग माझा मुद्दा आला ना? निम्मा संपलेला सेल, उन्हात ठेवलेला!

जुना_आयग्लास

साहेब, कपाटात पडून सिल्व्हर सेल वर्षाला थोडे टक्के उतरतो. उन्हाने जरा जास्त, मान्य. पण सगळाच्या सगळा सेल चार महिन्यांत उन्हाने रिकामा होत नाही. तसं असतं तर आपल्या गावात कुणाचंच घड्याळ दिवाळी ते दिवाळी चाललं नसतं. उन्हाचा वाटा दुसरीकडे असू शकतो, तेलात. तिकडे येतोच.

शून्य_दशांश

मी पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो, घड्याळातलं मला कळत नाही. पण हिशोब करून पाहिला. 377 सेल साधारण 28 मिलीअँपिअर-तासांचा असतो. चांगलं तीन काट्यांचं घड्याळ सरासरी एक ते दीड मायक्रोअँपिअर खातं. सव्वा धरला तर वर्षाला 11 मिलीअँपिअर-तास, म्हणजे अडीच वर्षं. ताई म्हणतात तसंच.

आता 15 जानेवारी ते 20 मे म्हणजे 125 दिवस, 3000 तास. 28 भागिले 3000 केलं की सरासरी नऊ मायक्रोअँपिअर येतात. सेल पूर्ण भरलेला होता असं धरून. म्हणजे अप्पांचं म्हणणं शब्दशः खरं निघतंय, घड्याळ सातपट खातंय. आयग्लास साहेब, एवढं जास्त खाऊनही वेळ बरोबर कशी राहते? मला हेच कोडं पडलंय.

जुना_आयग्लास

सर, सोपं करून सांगतो. वेळ ठरवते ती क्रिस्टल. ती सेकंदाला 32,768 वेळा थरथरते आणि सर्किट त्यातून दर सेकंदाला एक ठोका काढतं. काटे ओढायचं काम क्रिस्टलचं नाही. ते एका बारीक मोटरचं. कॉइलमध्ये क्षणभर करंट सोडला की लोहचुंबकाचा दाण्याएवढा रोटर अर्धी फेरी घेतो आणि चाकं एक पाऊल पुढे जातात.

जुन्या काळच्या मशीनमध्ये हा धक्का कायम एकाच ताकदीचा असायचा. चाकं जड झाली की घड्याळ मागे पडायचं, नाहीतर थांबायचं. गिऱ्हाईक लगेच दुकानात. पुढे ऐंशीच्या दशकात हुशार सर्किटं आली. ती आधी हलका धक्का देतात, मग रोटर खरंच फिरला का ते कॉइलमधूनच तपासतात. नाही फिरला तर त्याच सेकंदात दुसरा, जोरदार धक्का. डोळ्यांना काही दिसत नाही, काटा पुढे गेलेलाच असतो. चाकं मोकळी असली की सेलची बचत, जड झाली की जवळजवळ प्रत्येक सेकंदाला दोन धक्के.

म्हणून म्हटलं, बरोबर वेळेवर विसंबू नका. आजारी मशीन वेळ चुकवत नाही, सेल खाते. तुमचं 93 चं आहे, त्यात असंच सर्किट असणार असा माझा अंदाज.

पुणेकर_सध्या

मूळचा विजापूर वेशीजवळचा, आता कोथरूड. एवढं संशोधन कशाला? नवी जपानी मशीन बसवून घ्या, तीन-साडेतीनशे रुपयांत काम होतं. जुनी मशीन धुण्याची मजुरी त्याहून जास्त. आजकाल कुणी धूत नाही.

सातरस्ता

अप्पांना विचारलं. "आतलं काढून दुसरं घातलं तर मग ते माझं घड्याळ कसं?" असं म्हणाले. त्यांनी ते बोनसमधून घेतलं होतं. तेव्हा ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, नंतर वीस वर्षं तेच घालून मागांवर उभे राहिले. त्यामुळे मशीन बदलणं नाही.

माझ्या भावाने आयटीआय केलंय, त्याच्याकडे साधा मीटर आहे. ते नऊ मायक्रो खरंच जातात का, हे घरी मोजता येईल?

शून्य_दशांश

येईल, पण साध्या मीटरची करंटची रेंज वापरू नका. इतकं बारीक त्यात वाचता येत नाही आणि काटा दर सेकंदाला धक्का घेताना आकडा नाचत राहतो. असं करा. सेल बाहेर काढा. सेल आणि घड्याळ यांच्यामध्ये 10 किलोओहमचा एक रेझिस्टर घाला. घड्याळाच्या बाजूला 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर लावा, त्याचं प्लस-मायनस सांभाळून. मीटर 200 मिलीव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. दर 10 मिलीव्होल्टला एक मायक्रोअँपिअर.

कपॅसिटर नसेल तर धक्क्याच्या वेळी रेझिस्टर सगळा व्होल्टेज खाईल आणि काटा हलणारच नाही. कपॅसिटर धक्क्यापुरता करंट पुरवतो आणि रेझिस्टरमधून सरासरी तेवढी जात राहते.

जुना_आयग्लास

सरांची युक्ती छान आहे, आमच्याकडे त्यासाठी तयार टेस्टर असायचा. माझ्याकडून दोन सूचना. सेल लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजूंनी धरू नका, प्लस-मायनस जोडले जाऊन सेल तिथेच उतरतो. आणि आतली तांब्याच्या तारेची कॉइल दिसेल, तिला स्पर्शही करू नका. केसापेक्षा बारीक तार असते, स्क्रूड्रायव्हर निसटला की घड्याळ कायमचं गेलं.

मोजताना एक गोष्ट मुद्दाम करा. एकदा घड्याळ चालू ठेवून मोजा, आणि एकदा चावी बाहेर ओढून, सेकंदकाटा थांबल्यावर. बहुतेक मशीनमध्ये चावी ओढली की मोटरचे धक्के बंद होतात, फक्त सर्किट जागं राहतं. दोन्ही आकडे सांगा.

सातरस्ता

काल रात्री केलं. पहिल्यांदा आकडा 200 च्या रेंजमध्ये मावलाच नाही, वरच्या रेंजवर 260 मिलीव्होल्ट आलं! म्हणजे 26 मायक्रो. आम्ही घाबरलो.

शून्य_दशांश

कपॅसिटर बराच काळ पडून होता का? तो सुरुवातीला स्वतःच करंट गळतो. घड्याळ न जोडता फक्त कपॅसिटर तासभर सेलवर ठेवा, आकडा एक-दोन मिलीव्होल्टपर्यंत खाली आला की मगच घड्याळ जोडा. हे आधी सांगायला हवं होतं, चूक माझी.

सातरस्ता

हो, भावाच्या डब्यात चार वर्षं पडलेला होता. आज परत केलं. फक्त कपॅसिटरचा आकडा तासाभराने 1 च्या खाली आला. घड्याळ जोडल्यावर 80 ते 88 मध्ये हलतोय, मधला 84 धरते. म्हणजे 8.4 मायक्रोअँपिअर. चावी ओढली, काटा थांबला, दोन मिनिटांनी 3 मिलीव्होल्ट. म्हणजे 0.3.

सर, तुमचे नऊ आणि आमचे 8.4! भाऊ तुमचा फॅन झालाय.

कडक_भाकरी

मान गये सर. मी माझा शब्द मागे घेतो, पण दुकानदाराने एलआर टाकला ते टाकलाच की.

जुना_आयग्लास

टाकलाच. ते चूकच.

आता आकडे बघू. चावी ओढल्यावर 0.3 म्हणजे सर्किट निरोगी आहे. जुना सेल गळून त्याचं पाणी सर्किटवर पसरलं असतं, किंवा सेलखालचा प्लास्टिकचा कागद हरवून कुठे तरी पत्रा टेकत असता, तर चावी ओढूनही करंट जातच राहिला असता. तो प्रकार नाही. सगळा खर्च मोटर चालवण्यात होतोय.

मोटरच्या बाजूला दोन शक्यता उरतात. एक, कॉइलचे वेढे आतल्या आत जोडले गेलेत. दोन, चाकं जड झालीत. चावी ओढण्याच्या परीक्षेत हे दोन्ही सारखेच दिसतात, इथे फसायला होतं. कॉइलच्या दोन टोकांना, म्हणजे सर्किटवर जिथे ती डागलेली असते तिथे, ओहम मोजावे लागतात. साधारण दीड ते तीन हजार ओहम आले तर ठीक. काहीशे आले तर कॉइल गेलेली. पण हे घरी करू नका. दुकानात करून घ्या, आणि चाकं पण तिथेच बघतील.

माझा कल चाकांकडे. तीस वर्षांत तेल एक तर सुकतं नाही तर पसरून जातं, आणि उरतं ते पिवळं, चिकट. निवृत्त साहेब, तुमच्या उन्हाचा वाटा इथे असेल.

निवृत्त_कारकून

धन्यवाद. घरात कुणी एवढंही मान्य करत नाही.

पुणेकर_सध्या

तेल वरून एक थेंब टाकलं तर? यूट्यूबवर एकाने शिलाई मशीनचं तेल टाकलेलं पाहिलं.

जुना_आयग्लास

नका हो. घाणीवर नवं तेल म्हणजे चिखल. दोन महिने मोकळं चालतं, मग आधीपेक्षा घट्ट. आणि शिलाई मशीनचं तेल या मशीनला फार जास्त आहे, ते रोटरपर्यंत पसरलं तर रोटरच चिकटतो. खोलून, पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून, मग सुईच्या टोकावर मावेल एवढं घड्याळाचं तेल ठरावीक टोकांनाच लावायचं. याला दुसरा रस्ता नाही.

सातरस्ता

थोडे दिवस धागा थंड होता, कारण धुणारा कारागीरच मिळेना. नवी पेठेत तीन ठिकाणी "मशीन बदलू" हेच उत्तर. शेवटी मंगळवार पेठेत एक आजोबा सापडले, जिन्याखाली टेबल. ते आधी मला म्हणाले, "एवढे आकडे घेऊन आलेलं पहिलंच गिऱ्हाईक." चारशे रुपये, आठ दिवस.

काल आणलं. कॉइल 2.1 किलोओहम, चांगली. तेल तुम्ही म्हणालात तसंच, पिवळं. पण त्यांनी एक कागद दिला, त्यावर चिकटपट्टीला दोन धागे लावलेले. एक सेकंदाच्या चाकाच्या दांडीला गुंडाळलेला होता, दुसरा रोटरच्या बाजूला, त्याच्यासोबत काळी लोखंडी भुकटी. भिंगातून दाखवलं. गुलाबी आहेत! अप्पांनी बघितलं आणि लगेच म्हणाले, "हा आपल्याच टॉवेलचा. गुलाबी रंग 95-96 ला फार निघायचा."

कडक_भाकरी

गुलाबी धागा!! आता बोला. सोलापूरचं घड्याळ सोलापूरच्याच टॉवेलनं अडवलं.

शून्य_दशांश

पण एक प्रश्न. धागा 96 चा असेल तर घड्याळ गेल्या वर्षीपर्यंत व्यवस्थित कसं चाललं? सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तो आत काय करत होता?

जुना_आयग्लास

मी पण तोच विचार करतोय. माग चालतो तिथे हवेत तंतू असतातच. चावीपाशी जी बारीक रबर रिंग असते ती कडक झाली की तिथून, किंवा सेल बदलताना झाकण उघडं असेल तेव्हा, तंतू आत जातो. आत जाऊन डायलखाली कुठे तरी पडून राहिला असेल आणि अलीकडे हलून चाकात गेला असेल. झाकण दर दोन वर्षांनी उघडलंच जात होतं. किंवा गेल्या वर्षी उघडलं तेव्हाच अप्पांच्या शर्टावरून आत गेला असेल आणि अप्पांची आठवण थोडी गोड झाली असेल. खात्रीने सांगता येणार नाही.

रोटरच्या भुकटीचं सांगता येतं. रोटर लोहचुंबक आहे, आसपासचा लोखंडाचा कण तो ओढून घेतो. कारखान्यात, लेथजवळ काम करणाऱ्यांच्या घड्याळात हे मी खूप पाहिलंय.

पुणेकर_सध्या

आणि आता किती खातंय? की मोजलंच नाही?

सातरस्ता

मोजलं. 13 ते 14 मिलीव्होल्ट, म्हणजे 1.4 मायक्रोअँपिअर धरा. चावी ओढून पुन्हा तेच 3.

शून्य_दशांश

28 हजार भागिले 1.4, वीस हजार तास. सव्वादोन वर्षं.

जुना_आयग्लास

ताई, काल दुरुस्त झालेलं घड्याळ परत उघडलंत? रबर रिंग नीट बसवली का झाकणाची? पंख्याखाली तर उघडलं नाही ना?

सातरस्ता

पंखा बंद केला होता काका, जूनमध्ये! अप्पांनी टॉवेलसुद्धा खोलीबाहेर नेऊन ठेवला. रिंग आजोबांनी नवीन टाकलीय.

पण एक सांगायचं राहिलं. तो 14 चा आकडा संध्याकाळचा. भाऊ मीटर तसाच लावून जेवायला गेला, साडेअकराला बघितलं तर 22. काहीतरी बिघडलं का?

जुना_आयग्लास

तारखेची चकती ढकलायची वेळ. साधारण दहापासून मशीनवर तो जादा बोजा येतो, सर्किट जोर वाढवतं. 22 म्हणजे काळजीचं नाही. मात्र तारीख पडून गेल्यावर परत खाली आलं पाहिजे. एक वाजता 14 च्या आसपास दिसलं तर विसरून जा. 22 वरच राहिलं तर चकतीखाली अजून काही अडकलंय, आजोबांनी डायलची बाजू धुतली का ते विचारा.

लंबक

माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचं राहिलंच. सेकंदकाटा काढून टाकला, आता बरं चालतंय. सेल मात्र कोणता टाकू?

जुना_आयग्लास

साधा, स्वस्त, पेन्सिल सेल टाका. ताकदीचा नको, तो गळला की घड्याळ खातो. वर्षाने बदलायचा, संपायची वाट बघायची नाही.

सातरस्ता

काल सव्वाबारापर्यंत बसले. तारीख बारा वाजून चार मिनिटांनी पडली. आकडा 21 वर होता, खाली येताना दिसला नाही, पण मग मलाच झोप लागली. सकाळी घड्याळ अप्पांच्या मनगटावर होतं, तारा सोडवून, झाकण लावून. मोजू देत नाहीयेत आता. "चालतंय ना?" म्हणतात. शनिवारी ते झोपल्यावर परत बघते.